कॅश-आऊट की बिघाड? एटीएमच्या नोंदींवरून रोकड भरण्याची आणि दुरुस्तीची फेरी कशी आखायची

एटीएम मॉनिटरिंगच्या डेस्कवर नव्याने बसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट खटकते. पडद्यावर पंचवीस यंत्रं लाल दिसतात, त्यातल्या दहांवर ‘कॅश-आऊट’, म्हणजे रोकड संपली, असं लिहिलेलं असतं, आणि गाडी पाठवली की त्यातल्या दोन-तीन यंत्रांत नोटा भरलेल्याच सापडतात. उलट एखादं यंत्र दिवसभर हिरवं दिसतं आणि संध्याकाळी शाखेतून फोन येतो की सकाळपासून कुणाला पैसे मिळालेले नाहीत. रोकड एका टीमकडे आणि बिघाड दुसऱ्या टीमकडे, दोघांच्या याद्या वेगळ्या, म्हणून हे घडतं. या लेखात दोन्ही एकाच नोंदवहीत कसं आणायचं आणि त्यावरून गाडीचा आणि इंजिनिअरचा दिवस कसा ठरवायचा, ते क्रमाने दिलं आहे. सुरुवातीला पन्नास-शंभर यंत्रांसाठी साधी स्प्रेडशीट पुरते.

पायरी १: माहिती कुठून येते ते ओळखा

एकाच घटनेची वेळ तुम्हाला चार ठिकाणी मिळते आणि चारही वेळा सहसा जुळत नाहीत.

पहिलं ठिकाण म्हणजे स्विच, यंत्राचे व्यवहार बँकेपर्यंत पोचवणारी मध्यवर्ती यंत्रणा. यंत्र आपली स्थिती स्विचला कळवतं: डिस्पेन्सर, म्हणजे नोटा मोजून देणारा भाग, ठीक आहे का, कोणत्या कॅसेटमध्ये, म्हणजे नोटांच्या पेटीत, नोटा कमी झाल्या, कोणती रिकामी झाली. दुसरं, यंत्रातला इलेक्ट्रॉनिक जर्नल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘ईजे’. त्यात प्रत्येक व्यवहार, कोणत्या कॅसेटमधून किती नोटा उचलल्या, किती रिजेक्टमध्ये, म्हणजे यंत्राने बाजूला टाकलेल्या नोटांच्या डब्यात गेल्या, हे ओळीने असतं. तिसरं, कस्टोडियन, म्हणजे रोकड भरणारा एजन्सीचा माणूस, भरताना काढतो ती अ‍ॅडमिन स्लिप: भरण्याआधीचे आणि नंतरचे काउंटर. चौथं, रोकड भरणाऱ्या एजन्सीचा दिवसअखेरचा अहवाल.

यातला शेवटचा सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात कमी भरवशाचा. त्यातली ‘लोडिंग वेळ’ बऱ्याचदा गाडी जागेवर पोचल्याची किंवा संध्याकाळी ऑफिसात बसून आठवणीने लिहिलेली असते. घटना कधी सुरू झाली यासाठी स्विचची नोंद घ्या, ती का झाली यासाठी ईजे बघा, आणि किती नोटा भरल्या यासाठी अ‍ॅडमिन स्लिप. एजन्सीचा अहवाल फक्त पडताळणीला ठेवा.

यंत्राचं घड्याळही एकदा तपासून घ्या. ते स्विचपेक्षा वीस मिनिटं मागे असेल, तर ईजे आणि स्विच जुळवताना एकच घटना दोनदा धरली जाते.

पायरी २: प्रत्येक बंद काळाला एकच कारण द्या

नोंदवहीत एका घटनेला एक ओळ. रकाने फार नकोत: यंत्राचा क्रमांक, कारण, सुरुवात, शेवट, सुरुवातीला कॅसेटनिहाय किती नोटा शिल्लक होत्या, दुरुस्तीच्या तक्रारीचा कॉल क्रमांक, आणि शेवट कशावरून ठरवला. शेवटचा रकाना नवे लोक गाळतात. महिनाअखेरी वाद होतो तो नेमका त्याच मुद्द्यावर.

कारणं चारच ठेवा: रोकड, यंत्र, लाईन, वीज-जागा. कार्ड रीडर, डिस्पेन्सर, प्रिंटर असे पोटभेद हवे तर शेजारी लिहा, पण मूळ कारण या चारांपैकी एकच. रोकडीचा भार रोकड भरणाऱ्यावर, यंत्राचा दुरुस्तीवाल्यावर, लाईनचा नेटवर्कवाल्यावर, म्हणजे प्रत्येक कारणामागे कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असतं.

आता कसोटीचा भाग. ‘कॅश-आऊट’ असा संदेश आला की कारण लगेच ‘रोकड’ लिहू नका. आधी त्या क्षणाची शिल्लक काढा:

```
उपलब्ध नोटा = भरलेल्या − दिलेल्या − रिजेक्टमध्ये गेलेल्या
```

रिजेक्ट वजा करायला विसरू नका. त्या नोटा यंत्राच्या आतच असतात, हिशेबाच्या शिलकीत दिसतात, पण ग्राहकाच्या हाती कधीच पडत नाहीत. हे गणित सगळ्या कॅसेटना शून्याच्या आसपास आलं, तर खरंच रोकड संपली. ५००च्या कॅसेटमध्ये ४०० नोटा शिल्लक निघाल्या आणि यंत्र ‘रिकामी’ म्हणत असेल, तर कॅसेटला नोट उचलता येत नाही. तो बिघाड आहे, आणि तिथे रोकडेची गाडी पाठवलीत तर फेरी वाया जाईल.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो सगळ्यात चिडवणारा. सकाळी साडेअकराला रोकड भरली, दार लावलं, गाडी गेली, आणि यंत्र अजूनही कॅश-आऊट दाखवतंय. इथे नोटा आत आहेत, पण कस्टोडियनने काउंटर अद्ययावत केलेले नाहीत, किंवा यंत्रावर केले आणि स्विचकडे पोचले नाहीत. अ‍ॅडमिन स्लिपवर भरण्याआधीचे आणि नंतरचे आकडे सारखेच दिसले, तर हेच झालंय. म्हणून एक नियम करून टाका: भरल्यावर एखादा छोटा प्रत्यक्ष व्यवहार होऊन पैसे हातात आल्याशिवाय कस्टोडियनने जागा सोडायची नाही.

लाईन आणि वीज यांचा घोळ वेगळा. गावाकडच्या बऱ्याच जागी राऊटर आणि यंत्र एकाच यूपीएसवर असतात. बॅटरी संपली की स्विचला फक्त ‘संपर्क तुटला’ एवढंच कळतं. नेटवर्कवाला येऊन लाईन ठीक आहे सांगून जातो आणि कॉल बंद करतो. संपर्क रोज साधारण त्याच वेळी तुटत असेल, तर सिम बदलण्याआधी त्या भागातलं भारनियमन आणि बॅटरीचं वय विचारा. आणि हे लक्षात असू द्या की संपर्क तुटलेला असताना पडद्यावर दिसणारी शिल्लक शेवटची माहीत असलेली असते, आत्ताची नव्हे.

राहिलं ते ‘हिरवं पण मुकं’ यंत्र. स्थिती ठीक, रोकड आहे, पण दुपारच्या भर वेळेत तीन तास एकही व्यवहार नाही. शटर ओढलेलं असतं, किंवा कार्ड रीडरमध्ये काहीतरी अडकलेलं असतं, किंवा पडदा गोठलेला असतो. यंत्र स्वतः हे सांगत नाही. त्या यंत्राचा नेहमीचा दर माहीत असेल तर तुम्हीच इशारा लावायचा: जिथे तासाला आठ-दहा व्यवहार होतात तिथे दीड तास शांतता पुरे, आणि जिथे दिवसाला पंधरा होतात तिथे तीन तासांनीही घाबरायचं कारण नाही.

पायरी ३: घटना कधी संपली ते ठरवा आणि तास मोजा

रोकड भरली ती वेळ घटनेचा शेवट नव्हे. भरल्यानंतरचा पहिला यशस्वी पैसे काढण्याचा व्यवहार हा शेवट. दोन्हींत अंतर जास्त पडत असेल, तर मधला काळ वेगळ्या ओळीत ‘यंत्र’ किंवा ‘लाईन’ म्हणून तोडून लिहा, नाहीतर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो. एकाच वेळी दोन कारणं चालू असतील, म्हणजे रोकडही संपली आणि लाईनही गेली, तर आधी सुरू झालेलं कारण चालू धरा आणि ते सुटल्यावर दुसरं सुरू करा. नियम कोणताही घ्या, पण करारात काय लिहिलंय ते पाहून घ्या आणि महिन्याच्या मध्यावर बदलू नका.

तास मोजण्याला रिझर्व्ह बँकेमुळे धार आली आहे. १० ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने १ ऑक्टोबर २०२१ पासून असा दंड लागू केला की एखाद्या एटीएममध्ये महिनाभरात मिळून १० तासांपेक्षा जास्त वेळ रोकड नसेल, तर त्या एटीएममागे सरसकट १०,००० रुपये. व्हाईट लेबल, म्हणजे बँकेतर कंपनी चालवते त्या एटीएमच्या बाबतीत दंड त्या यंत्राला रोकड पुरवणाऱ्या बँकेवर बसतो, आणि ती नंतर चालकाकडून वसूल करू शकते. रोकड न भरल्यामुळे यंत्र किती वेळ बंद राहिलं याचं विवरण पुढच्या महिन्याच्या पाच दिवसांत द्यायचं असतं, तेही यंत्रणेतून निघालेलं, हाताने बनवलेलं नव्हे. १० तास हे सलग नसून महिन्याची बेरीज आहे, आणि रात्रीचे तास त्यातून वगळलेले नाहीत. रात्री नऊला रोकड संपली आणि सकाळी अकराला भरली, की एका फटक्यात १४ तास.

महिना बदलताना घटना चालू असेल तर ती मध्यरात्री तुटली पाहिजे. स्प्रेडशीटमध्ये C रकान्यात सुरुवात, D मध्ये शेवट, H1 मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि H2 मध्ये पुढच्या महिन्याची पहिली तारीख असेल, तर त्या महिन्यातले तास असे निघतात:

```
=MAX(0, MIN(IF(D2="",NOW(),D2),$H$2) - MAX(C2,$H$1))*24
```

शेवट रिकामा असेल, म्हणजे घटना अजून चालू असेल, तर सूत्र आत्तापर्यंतचे तास देतं. मग फक्त ‘रोकड’ कारणाच्या ओळींची यंत्रनिहाय बेरीज घ्या आणि दर सकाळी ती यादी उतरत्या क्रमाने लावा. सहा ते दहा तासांमधली यंत्रं आज सांभाळायची. दहाच्या पलीकडे गेलेल्यांचा दंड बसलाच, आणि तो सरसकट असल्यामुळे वाढत नाही. अर्थात हे गणित बघून काही ठिकाणी दहा ओलांडलेलं यंत्र महिनाअखेरपर्यंत वाऱ्यावर सोडलं जातं. तसं करू नका: त्या गावातल्या ग्राहकाला दुसरं एटीएम पंधरा किलोमीटरवर असू शकतं.

पायरी ४: खप काढा, पण बंद काळ धरून

इथे बहुतेक नवे लोक चुकतात, म्हणून एक यंत्र घेऊन पूर्ण गणित करू. समजा तालुक्याच्या गावात बाजारपेठेतलं एक यंत्र आहे, शाखेपासून दूर, आणि गुरुवारी गावचा आठवडी बाजार भरतो. चार कॅसेट: दोन ५००च्या, प्रत्येकी २,००० नोटा, एक २००ची आणि एक १००ची, प्रत्येकी १,००० नोटा. म्हणजे ५००च्या ४,००० नोटांचे २० लाख, आणि बाकीचे ३ लाख. फेऱ्या ठरलेल्या आहेत: सोमवारी आणि शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास.

ईजेवरून ५००च्या नोटांचा रोजचा खप काढला. साधा दिवस ७५० नोटा, आणि गेला गुरुवार ८०० नोटा. म्हणजे बाजाराचा दिवस इतरांसारखाच, असं वाटतं. पण नोंदवही सांगते की त्या गुरुवारी दुपारी तीनला रोकड संपली होती आणि शुक्रवारी साडेअकराला भरली गेली. ८०० हा दिवसाचा खप नाही, तीन वाजेपर्यंतचा आहे.

आता हा आकडा दुरुस्त करायचा. तासांच्या प्रमाणात वाढवणं चूक ठरतं: १५ तासांत ८०० म्हणून २४ तासांत १,२८०, हे गणित पहाटेच्या रिकाम्या तासांनाही दुपारच्या बरोबरीने धरतं. त्याऐवजी ज्या गुरुवारी यंत्र दिवसभर चालू होतं त्यांचा ईजे घ्या आणि तीन वाजेपर्यंत दिवसाच्या खपापैकी किती टक्के झाला होता ते बघा. समजा ५५ टक्के. मग ८०० भागिले ०.५५, म्हणजे साधारण १,४५० नोटा. हा खरा गुरुवार, साध्या दिवसाच्या जवळपास दुप्पट.

सोमवारी अकराला ४,००० नोटा भरल्या असं धरून पुढे चला. अकरापर्यंत दिवसाचा ३० टक्के खप होऊन गेलेला असतो, म्हणून सोमवारच्या उरलेल्या वेळात ५२५ जातील. मंगळवार आणि बुधवार मिळून १,५००. बुधवारी मध्यरात्री १,९७५ उरतील. गुरुवारी १,४५० गेल्यावर उरतील ५२५. शुक्रवारच्या ७५० पैकी ५२५ म्हणजे ७० टक्के, आणि या यंत्रावर ७० टक्के खप साडेपाचच्या सुमारास होतो. म्हणजे शुक्रवारी साडेपाचला ५००च्या दोन्ही कॅसेट रिकाम्या.

यंत्र मात्र अजून चालू दिसेल, कारण २०० आणि १०० शिल्लक आहेत, समजा ८० हजारांच्या. त्यावर सगळा भार येतो. दहा हजार मागणाऱ्याला २००च्या ५० नोटा लागतात, आणि एका व्यवहारात इतक्या नोटा बहुतेक यंत्रं देत नाहीत, म्हणून त्याचा व्यवहार नाकारला जातो. पडद्यावर हिरवं, दारात नाराज रांग. साधारण साडेआठला तेही संपतं. गाडी येणार शनिवारी साडेअकराला. पंधरा तास, म्हणजे एका रात्रीत महिन्याची मर्यादा पार.

८००चा गुरुवार धरला असता तर? गुरुवारी मध्यरात्री १,१७५ उरले असते, शुक्रवारअखेर ४२५, आणि शनिवारची फेरी अगदी बरोबर वाटली असती. जुनं वेळापत्रक ज्याने आखलं त्याने बहुधा हेच गणित केलं होतं, आणि दर वेळी ‘शुक्रवारी अचानक गर्दी झाली’ असं कारण दिलं गेलं असणार.

पायरी ५: फेऱ्या वाढवण्याआधी वार बदलून बघा

सहज सुचणारा उपाय म्हणजे शुक्रवारी तिसरी फेरी. तिचा खर्च दर आठवड्याला येतो. त्याआधी त्याच दोन फेऱ्या वेगळ्या वारांना ठेवून पाहा: बुधवार आणि शनिवार, अकरा वाजता.

बुधवारी भरल्यावर शनिवारी अकरापर्यंत: बुधवारचे ५२५, गुरुवारचे १,४५०, शुक्रवारचे ७५०, शनिवार सकाळचे २२५. एकूण २,९५०. शनिवारी भरल्यावर बुधवारी अकरापर्यंत: ५२५, मग रविवार, सोमवार, मंगळवारचे २,२५०, आणि बुधवार सकाळचे २२५. एकूण ३,०००. दोन्ही बाजूंना हजारेक नोटा हाताशी राहतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खप ३० टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर ३,९०० पर्यंत जातं. काठावर, पण पुरतं. खर्च तोच, फक्त वार बदलले.

वार ठरवताना दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद. त्या आठवड्यांत शनिवारच्या फेरीची रोकड शुक्रवारीच उचलून एजन्सीच्या व्हॉल्टमध्ये ठेवावी लागते, म्हणून इंडेंट, म्हणजे रोकडेची मागणी, गुरुवारीच गेला पाहिजे. इंडेंट साधारणतः आदल्या दिवशी जातो. त्याची शेवटची वेळ तुमच्या एजन्सीकडून लेखी घ्या. दुसरी, वेळेची मर्यादा. गृह मंत्रालयाच्या नियमांनुसार एटीएममध्ये रोकड भरणं शहरी भागात रात्री ९ नंतर, ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दुपारी ४ नंतर चालत नाही. एका गाडीत एका फेरीत ५ कोटींपेक्षा जास्त रोकड नेता येत नाही. गडचिरोलीसारख्या भागातल्या यंत्रासाठी ‘दुपारी दोनला इशारा आला, चारपर्यंत भरू’ हे प्रत्यक्षात जमत नाही. तिथे इशारा आदल्या दिवशीच लागायला हवा.

त्यामुळे इशाऱ्याची पातळी नोटांच्या संख्येवर नव्हे, तासांवर ठेवा. आत्ताच्या खपाने किती तास पुरेल, आणि पुढची गाडी जाऊ शकेल अशी सर्वात जवळची वेळ किती तासांवर आहे, याची तुलना करा. पहिला आकडा दुसऱ्याच्या दीडपटीच्या खाली आला की इंडेंट टाका. यंत्राचा ‘नोटा कमी’ हा संदेश यासाठी उपयोगाचा नाही. तो कॅसेटमधल्या सेन्सरवरून येतो आणि तेव्हा सहसा फार उशीर झालेला असतो.

पायरी ६: कॅसेटचा बिघाड हा रोकडेचा प्रश्न म्हणून वाचा

आता वरच्याच यंत्रात दुसरी ५००ची कॅसेट बिघडली असं समजा. यंत्र बंद पडत नाही, पहिल्या कॅसेटमधून नोटा देत राहतं. बंद पडलेलं नसल्यामुळे बंद काळाच्या नोंदीत ओळ येत नाही, आणि दुरुस्तीच्या यादीत हा कॉल तळाला जातो. पण ४,००० ऐवजी २,००० नोटाच हाती आहेत. बुधवारी अकरानंतर ५२५, गुरुवारी १,४५०, झाले १,९७५. गुरुवारी मध्यरात्री ५०० संपले, आणि पुढची फेरी शनिवारी. दुरुस्तीच्या नजरेने किरकोळ कॉल, रोकडेच्या नजरेने दीड दिवस ५००च्या नोटाच नाहीत.

म्हणून कॉलची तातडी ठरवताना ‘यंत्र चालू की बंद’ एवढंच न बघता, या कॅसेटशिवाय पुढच्या फेरीपर्यंत पुरेल का, हे बघा. नोंदवहीत बिघडलेल्या कॅसेटच्या नोटा उपलब्ध नोटांतून काढून टाकल्या की उत्तर आपोआप येतं.

बिघाड येण्याआधी रिजेक्टच्या प्रमाणातून चाहूल लागते. ईजेवरून रोज प्रत्येक कॅसेटसाठी दिलेल्या नोटांमागे किती रिजेक्ट गेल्या ते काढा. एकाच कॅसेटचं प्रमाण चढत असेल आणि बाकीच्यांचं नसेल, तर दोष त्या कॅसेटमध्ये किंवा तिच्या उचलणाऱ्या भागात आहे: काही यंत्रांत तिथे रबरी चूषक कप असतात, ते झिजले की एका वेळी एकच नोट नीट सुटत नाही, तर काही यंत्रांत रबरी रोलर असतात, ते गुळगुळीत होतात. चारही कॅसेटचं प्रमाण एकदम वाढलं तर नोटांचा सामाईक मार्ग, सेन्सरवरची धूळ किंवा नोटाच संशयित. कोकणात पावसाळ्यात ओलसर नोटा एकमेकींना चिकटतात, आणि कोऱ्या करकरीत नोटाही न फुलवता बंडलासारख्या ठेवल्या तर जोडीने उचलल्या जातात. तिथे इंजिनिअर पाठवून उपयोग नाही. भरणाऱ्याला नोटा फुलवून, कडा सरळ करून ठेवायला सांगा, आणि पुढच्या दोन दिवसांचं प्रमाण बघा.

पायरी ७: दुरुस्तीची फेरी रोकडेच्या फेरीला जोडा

बिघाडाच्या भेटी दोन प्रकारच्या. पहिल्या पायरीची दुरुस्ती, म्हणजे एफएलएम, कस्टोडियनच करतात: अडकलेली नोट काढणं, कॅसेट पुन्हा नीट बसवणं, कागदाची गुंडाळी बदलणं, यंत्र पुन्हा सुरू करणं. दुसऱ्या पायरीची, एसएलएम, इंजिनिअर करतो: भाग बदलणं, डिस्पेन्सर खोलणं, सॉफ्टवेअर.

अडचण ही की डिस्पेन्सर तिजोरीच्या आत आहे. इंजिनिअर रोकडेला हात लावू शकत नाही, आणि तिजोरी दोन कस्टोडियन त्या भेटीपुरता मिळालेला, एकदाच चालणारा कोड टाकून उघडतात. इंजिनिअर एकटा पोचला तर बाहेरचा कार्ड रीडर किंवा प्रिंटर तेवढा दुरुस्त करू शकतो, डिस्पेन्सरसाठी हात हलवत परत येतो. नोंदवहीत ‘कस्टोडियन उपलब्ध नाही’ म्हणून पुढे ढकललेले कॉल मोजून बघा. ते थोडेथोडके नसतात.

म्हणून तिजोरीच्या आतल्या प्रत्येक कॉलसमोर पुढच्या रोकड-फेरीची वेळ लिहा. ती परवडण्याइतकी जवळ असेल तर इंजिनिअर त्याच वेळी बोलवा. परवडण्यासारखी नसेल तरच स्वतंत्र एकत्र भेट मागा. जागेवरचा क्रमही ठरलेला असावा. आधी कस्टोडियन शिल्लक मोजून कॅसेट बाहेर काढतात, मग इंजिनिअर भाग बदलून नोट उचलण्याची चाचणी घेतो, मग नोटा भरून काउंटर टाकले जातात, आणि शेवटी प्रत्यक्ष व्यवहार. उलट क्रमाने, म्हणजे भरल्यावर दुरुस्ती केली, तर चाचणीत बाहेर आलेल्या नोटांमुळे काउंटर आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत फरक पडतो आणि पुढचे चार दिवस त्याचा मेळ घालण्यात जातात.

बाहेर पडण्याआधी कुलूप बंद केल्यावर मिळणारा कोड परत कळवला गेला आहे ना, तेही बघा. तो न कळवता गाडी निघाली तर बऱ्याच कुलुपांच्या बाबतीत पुढच्या भेटीला नवा कोडच निघत नाही. बुधवारची ही चूक शनिवारी साडेअकराला उघडकीला येते: गाडी दारात, रोकड गाडीत, आणि तिजोरी बंद. अशी भेट नोंदवहीत ‘फेरी झाली’ म्हणून लिहिली जाते, त्यामुळे ‘पोचले पण भरलं नाही’ हा वेगळा शेरा ठेवा आणि त्यासमोर कारण लिहायला लावा.

एकाच यंत्रावर तीस दिवसांत त्याच भागासाठी तिसरा कॉल आला, तर तो नेहमीसारखा पुढे पाठवू नका. आधीच्या दोन भेटींत काय केलं ते काढा. दोन्ही वेळा नुसतं ‘यंत्र पुन्हा सुरू केलं’ असेल, तर भाग मागवून, पुढच्या रोकड-फेरीच्या दिवशी तो इंजिनिअरच्या हाती असेल याची खात्री करूनच भेट ठरवा.

रोज सकाळी पहिल्या गाडीआधी एक शेवटची तपासणी: शेवट रिकामा असलेल्या, पण ज्या यंत्रावर काल रात्रीपासून यशस्वी व्यवहार झालेले आहेत अशा ओळी शोधा. त्या घटना कधीच संपलेल्या आहेत, फक्त कुणी बंद केलेल्या नाहीत, आणि सूत्र त्यांचे तास अजून मोजत बसलेलं असतं.